भरलेली टिंबं

कोपरगावच्या शाळेत मी गणिताला लागलो तेव्हा नवं गणित नुकतंच आलं होतं. संच, संख्यारेषा, असमीकरणं. जुन्या मास्तरांना त्याचा धसका होता, आणि मला भलताच माज. उन्हाळी वर्गात महिनाभर शिकून आलो होतो ना!

तेव्हा अकरावी म्हणजे मॅट्रिक. पूर्वपरीक्षेत गणितात पस्तीस पडले नाहीत तर शाळा बोर्डाचा फॉर्मच पाठवत नसे. पेपर सायक्लोस्टाईलवर निघायचा. त्यासाठी मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरावं लागे. कारकून म्हणाला, "सर, बारीक गोल नका कोरू. आतलं मेण गळून पडतं." मी म्हटलं, तुम्ही तुमची बिलं बघा.

सातव्या प्रश्नात मी दोन संख्यारेषा काढल्या होत्या. चित्र बघून अट लिहायची, प्रत्येकी तीन गुण. पहिल्या रेषेवर दोन ते पाच एवढाच भाग गडद. दोनावर पोकळ टिंब, म्हणजे दोन धरायचा नाही. पाचावर भरीव, म्हणजे पाच धरायचा. उत्तर: २ < क्ष ≤ ५. हा दोन अटींचा छेद. दुसरीवर उणे एकाच्या डावीकडचा आणि तीनच्या उजवीकडचा भाग गडद. उणे एक पोकळ, तीन भरीव. क्ष < −१ किंवा क्ष ≥ ३. हा संयोग. दोन्ही चित्रं मी वर्गात फळ्यावर काढलेलीच होती. नवी काढायचा आळस, दुसरं काय.

उत्तरपत्रिका मी घरी तपासल्या. छापलेला पेपर समोर घेतलाच नाही, उत्तरं माझ्या तोंडपाठ होती. एका मुलीनं लिहिलं होतं, २ ≤ क्ष ≤ ५, आणि खाली क्ष ≤ −१ किंवा क्ष ≥ ३. दोन्हीकडे दोन-दोन गुण कापले. बेरीज तेहेतीस झाली. नापास.

निकाल लागला त्याच दुपारी ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. तिची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. मुलीला नगरला नर्सिंगला जागा मिळणार होती, पण मॅट्रिक याच मार्चमध्ये व्हायला हवी होती. हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. तिनं पेपर माझ्यापुढे धरला.

"सर, इथं चारी टिंबं भरलेली आहेत."

मी पाहिलं. चारी काळीकुट्ट. मेण गळलं होतं आणि पोकळ टिंबांत शाई भरली होती. पोर चित्र बघून उत्तर देत होती, अगदी बरोबर देत होती. ज्यांना पूर्ण गुण मिळाले त्यांनी चित्राकडे बघितलंही नव्हतं, वहीतलं उतरवलं होतं. आणि मी त्यांच्यासारखाच.

तिचे चार गुण द्यायला हवे होते. सदतीस झाले असते. पण यादी लागली होती, जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि हेडमास्तरांना सांगायचं तरी काय, की कारकुनाचं ऐकलं नाही म्हणून? मी म्हणालो, "वर्गात काढून दिलं होतं तेव्हा लक्ष कुठं होतं तुझं?"

तिनं पेपराची घडी घातली आणि गेली. फॉर्म पाठवायला अजून तीन दिवस होते. रोज सकाळी ठरवायचो, आज हेडमास्तरांकडे जायचं. रोज जायचोही, हजेरीचं बोलून परत यायचो. चौथ्या दिवशी फॉर्मांचं पाकीट पोस्टात गेलं. लाज वाटते सांगायला, पण ते गेल्याचं कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली, मुलीला बरोबर घेऊन. नर्सिंगची जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. मला वाटलं, आता बाई जाब विचारणार. मी मनाशी शब्द जुळवायला लागलो.

बाईंनी हात जोडले. "सर, तुमी यवढं जीव तोडून शिकवता, अन् हिचं ध्यान न्हाई. मी लई बोलले हिला. पुन्हा बसवते वर्गात, पर तिच्यावर राग धरू नका."

मुलगी शेजारीच उभी होती, खाली बघत. आईला तिनं पेपर दाखवलाच नव्हता. का, ते मला आजवर कळलेलं नाही. घरात माझी अब्रू ती राखत होती, की मास्तरपुढे आपलं चालत नाही हे तिनं ओळखलं होतं, कोण जाणे. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. एकच वाक्य होतं, तिचं उत्तर बरोबर होतं.

मी म्हणालो, "असू द्या बाई. पुढच्या वर्षी नीट लक्ष दे म्हणावं."

"व्हय, सर," बाई म्हणाल्या, आणि मुलीला माझ्या पाया पडायला लावलं.