रविवारची तीन कार्डं

मधुसूदन ओव्हरसियरला कोणी आपणहून दोन शब्द गोड बोललं की त्याच्या मनात आधी शंकेची पाल चुकचुकायची. ग्वाल्हेरच्या बांधकाम खात्यात सोळा वर्षं काढल्यावर असं होतंच. तरी छप्पनच्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा त्याच्या संशयाला खरोखरच जागा मिळाली. बडी कचेरी भोपाळला गेली. तिथे नागपूरचे, रिव्याचे, भोपाळचे लोक जमले, आणि सगळ्यांच्या नोकऱ्यांची मिळून एकच ज्येष्ठतेची यादी होणार होती. त्या कचेरीत मधुसूदनला ओळखणारं फारसं कोणी नव्हतं.

बायको शरयू शाळेत शिकवायची. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत तिनं एका रविवारी घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं.

"अर्धा तास. आठ ते साडेआठ. फक्त तीन कार्डं लिहायची."

"लाळघोटेपणा आहे हा," तो म्हणाला. "लोक म्हणतील, दाल में कुछ काला है."

"म्हणू देत. काही मागायचंच नाही, तर काळं काय असणार?"

तिनं वहीत चाळीस नावं लिहून काढली. जुने सोबती, बदलून गेलेले साहेब, दोन-चार नुसतेच कधी भेटलेले. आठवड्याला तीन, म्हणजे प्रत्येकाचा नंबर साधारण तीन महिन्यांनी यायचा. पहिली पाच मिनिटं वही बघायची, शेवटची पाच मिनिटं आलेल्या उत्तरातलं टिपून ठेवायचं: कुणाची मुलगी मॅट्रिकला बसली, कुणाची बदली झाली. कार्डात विचारपूस, आणि जमलं तर त्याच्या कामाचं काहीतरी. एखादा रविवार हुकला तर पुढच्या खेपेला सहा लिहायची नाहीत, नाहीतर महिन्याभरात कंटाळा येतो.

पहिलं उत्तर उज्जैनहून आलं: "काम काय ते स्पष्ट लिहा." मधुसूदनला इतका राग आला की त्यानं कार्ड शरयूच्या पुढ्यात आपटलं. ती हसली. पुढच्या खेपेला त्याच गृहस्थाला त्यानं चुन्याच्या गिलाव्याबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि तिथून पुढे ते सुतासारखे सरळ झाले. खरं तर कार्ड लिहिणारी आणि ते मिळणारी, दोन्हीकडची माणसं एकमेकांना सारखीच भीत होती, पण हे त्याच्या ध्यानात यायला उन्हाळा सरला.

मग ऑक्टोबरात भोपाळहून महिपतरावांचं कार्ड आलं. महिपतराव त्याच्याच हुद्द्याचे, ग्वाल्हेरचेच, आता बड्या कचेरीत. वहीतलं सतरावं नाव. त्यांनी लिहिलं होतं: "कच्ची यादी पाहिली. तुमची कायम झाल्याची तारीख सत्तेचाळीस धरली आहे. मला वाटतं ती त्रेचाळीस आहे. वीस तारखेच्या आत हरकत नोंदवा. हुकमाची साक्षांकित नक्कल रजिस्टरनं पाठवा."

मधुसूदननं कार्ड पुन्हा एकदा वाचलं. चार वर्षं गेली तर बढती गेली, आणि कालची पोरं डोक्यावर बसणार. पण लगेच दुसरा विचार आला. सत्तेचाळीस धरलं तर यादीत महिपतराव त्याच्या वर होते. त्याची तारीख दुरुस्त झाली तर तेच खाली सरकणार.

"स्वतःच्या पायावर कोण धोंडा पाडून घेतं?" तो शरयूला म्हणाला. "हरकत घेऊन मी नव्या साहेबांच्या डोळ्यांत खुपावं, हाच डाव असेल."

"तर खात्री करून घ्या ना!"

तीन दिवस त्यानं कार्ड उशीखाली ठेवलं. चौथ्या दिवशी शरयूनं वही उघडून गोपाळकृष्णांचं नाव दाखवलं. ते भोपाळच्या दप्तरखान्यात होते, आणि त्यांना तो तीन वेळा लिहून चुकला होता, एकदाही काही न मागता. "आता मागा," ती म्हणाली. तार गेली. दुसऱ्या दिवशी उलट तार आली: बात सही है, जल्दी करो.

हरकत आणि हुकमाची नक्कल सतरा तारखेला भोपाळला पोचली.

डिसेंबरात सुधारलेली यादी आली. मधुसूदनचं नाव बरंच वर सरकलं होतं, आणि बरोबर त्याच्याखाली महिपतरावांचं. बढतीची जागा एकच होती.

त्या रविवारी घड्याळात साडेआठ वाजले तरी त्याचं एकच कार्ड झालं होतं. त्यात त्यानं लाजेनं खरं ते लिहिलं: "तुमचं कार्ड मी तीन दिवस दाबून ठेवलं. विश्वास बसला नाही. क्षमा करा."

आठवड्यानं उत्तर आलं, एका ओळीचं.

"ते कार्ड पेटीत टाकण्याआधी मीही चार दिवस खिशात घेऊन फिरत होतो."