तीस अख्खी वांगी

ही माझी सख्खी धाकटी बहीण. झाकणावर पाणी ठेवून तिच्यासारखी भरली वांगी करणारी बाई दाखवा, मी मिशी उतरवतो. नऊ वर्षं तिनं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नुसती भाजी चिरली. एका दुपारी मोठ्या आचाऱ्यानं तिच्यापुढे तीस वांगी ठेवली.

"एकही फुटलं नाही, तर उद्यापासून शेगडी तुझी."

तिनं देठ ठेवून चिरा दिल्या, दाण्याच्या कुटाचा कोरडा मसाला दाबून भरला, पसरट पातेल्यात तेलावर एका थरात वांगी लावली आणि मंद आचेवर झाकली.

थोड्या वेळानं आचारी डाव घेऊन आला. "हलव गं, खाली लागतील."

"डाव घातला की फुटतात, आचारीदादा."

सकाळपासून उभं राहून तिचे पाय भरून आले होते, तरी ती हटली नाही. फडक्यानं काठ धरून तिनं पातेलंच हलवलं. मधे एकदाच झाकण काढून एकेक वांगं हलक्या हातानं उलटलं.

तीसच्या तीस अख्खी निघाली. आचाऱ्यानं डाव गुपचूप खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीशेजारी वांग्यांचं पोतं उभं होतं. बहिणीनं सुस्कारा टाकला आणि विळी ओढून बसली, कारण भाजी चिरायला आता कोणीच नव्हतं.