आमच्या सोसायटीतले आउटस्टँडिंग लोक

जालन्यात आमची सोळा घरांची सोसायटी होती आणि तिचा मी सेक्रेटरी होतो. निवडीच्या सभेला मी शहागडला लग्नात जेवत बसलो होतो. गैरहजर माणूस आमच्याकडं नेहमी एकमतानं निवडून येतो.

त्या वर्षी पाच घरांचा मेंटेनन्स थकला. इतका, की बोअरच्या मोटारीचं लाइटबिल भरायला सोसायटीच्या खात्यात पैसेच न्हाईत. सोमवारी कनेक्शन कापणार असा कागद आला. नळाला पाणी यायचं ते रुसलेल्या जावयासारखं, पंधरा दिवसांनी आणि तेही घाईत. मोटार बंद म्हणजे सोळाही घरं बादल्या घेऊन रस्त्यावर.

आमचे अध्यक्ष मूळचे तीर्थपुरीचे, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडत. त्यांचा आवाज असा, की मोंढ्यात त्यांनी भाव पुकारला तर टेंभुर्णीतले बैल कान टवकारत. ते गरजले, "नावं लिहा फळ्यावर! ठळक! चार लोकांत इज्जत गेली की पैसा पळत येतो."

हा प्रयोग आधीच्या सेक्रेटरींनी करून पाह्यला होता. नाव लिहिलेल्या गृहस्थांनी पैसे तर दिले न्हाईतच, वर सेक्रेटरींच्या सासूच्या तेरवीचे लाडूही परत पाठवले. लाडू परत पाठवणं म्हणजे आमच्याकडं युद्धच.

"भाऊ, यादी वाचली का तुम्ही?" मी विचारलं.

"वाचायची काय त्याच्यात? मी सही करून राह्यलो न बराबर."

"तिसरं नाव पाहा."

त्यांनी पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, "सर?"

वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड सर. मला आणि अध्यक्षांना, दोघांनाही इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. त्यात त्यांचा काही दोष न्हाई. पेन्शनचे कागद कुठंतरी अडकलेले, म्हणून पाच महिने बाकी. फळ्यावर नाव पाहिलं असतं तर हा माणूस पुन्हा जिना उतरला नसता.

"फळ्यावर नावं नको मंग," अध्यक्ष म्हणाले. "पण पैसा तं पाह्यजेच."

कमिटीनं ठरवलं, पाच घरांना बंद पाकिटात बिल आणि पत्र, फळ्यावर फक्त बिननावाची सूचना. दोन घरांत स्टीलच्या कारखान्यातले परप्रांतीय साहेब राहायचे, म्हणून सगळं मराठीत आणि इंग्रजीत. मराठी मला झकास जमली: "ज्यांच्याकडून देखभाल खर्च येणे बाकी आहे त्यांनी शनिवारपर्यंत भरून पावती घ्यावी. अडचण असल्यास लेखी कळवावे, हप्ते ठरवता येतील. ज्यांनी भरला आहे त्यांचे आभार." खाली इंग्रजीत मी थाटात ठोकलं: "ऑल आउटस्टँडिंग मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू मीट द सेक्रेटरी."

सकाळी दात घासत होतो तर तळमजल्याचे ठेकेदार दारात. मराठी वाचण्यात ते वेळ घालवत न्हाईत.

"सेक्रेटरी साहेब, पोरीच्या प्रगतिपुस्तकात आउटस्टँडिंग म्हंजे पह्यला नंबर. मी वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ भरला. माझं नाव आहे का न्हाई त्याच्यात?"

"तुम्ही तं सगळ्यात वर," मी फेस सांभाळत म्हणालो.

बास. दुपारपर्यंत निम्मी सोसायटी माझ्या दारात. एक वहिनी सत्काराची साडी नेसून आल्या. एकानं विचारलं, शाल सोसायटी देणार का आपली आपण आणायची? मी सगळ्यांना चहा पाजला. माझा त्या महिन्याचा पगार साखरेत विरघळला म्हणा ना. पण गंमत अशी, की भेटायला येणारा घ्यायला आला का द्यायला, हे कोणालाच कळेना. त्या गर्दीत तीन पाकिटं गुपचूप माझ्या हातात आली. मी आत जाऊन पावत्या फाडल्या आणि चहाच्या बशीखाली सरकवल्या.

शुक्रवारी सर आले. मी उठून उभा राह्यलो. पाठ केलेलं नसलं की उठायचो तसाच.

"आउटस्टँडिंग मेंबर्स?" ते म्हणाले. "गाढवा, बाकी आउटस्टँडिंग असते. माणूस न्हाई."

"चुकलं सर."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत पहिल्या हप्त्याचे पैसे आणि उरलेल्या दोन हप्त्यांचा अर्ज, सुवाच्य अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत. मी चाचरत म्हणालो, "सर, उशिराचं व्याज राहू द्या."

"ते माफ करायचा अधिकार तुला कोणी दिला? जनरल बॉडीचा आहे तो. लाव बराबर."

लावलं. त्यांच्या हप्त्यानं लाइटबिलापुरते पैसे पुरे झाले. पावती चष्मा लावून नीट वाचून त्यांनी घडी घातली.

"फळ्यावरचं आत्ताच दुरुस्त करतो सर."

ते दारात थांबले. "सगळे येऊन गेले का?"

"एक घर बाकी आहे."

"मंग शनिवारपर्यंत चूक राहू दे," म्हणाले आणि जिना चढायला लागले.