हजेरीतला नंबर आणि पोळ्याचा मान

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचा उंबरठा ओलांडला नव्हता. मी बी.ए. झालो याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण मराठी चौथीतच माझं शिक्षण संपायची वेळ आली होती, आणि तेही माझा नंबर पहिला आला म्हणून.

कोरीटच्या बाजूला आमचं गाव. पोळ्याला वेशीतून पहिला बैल थोरल्या काकाचा जायचा, मग आमचा. या मानासाठी आमच्या भाऊबंदकीत पूर्वी डोकी फुटलेली. चौथीत हजेरीवर काकाचा मुलगा पहिला होता, मी दुसरा. तो मामाकडे लग्नाला गेला आणि कापूस वेचून होईस्तोवर तिकडेच राहिला. महिना उलटला, निरोप नाही. मास्तरांनी त्याचं नाव कमी केलं. परत आला तेव्हा नव्यानं दाखल करून सगळ्यांच्या खाली लिहिलं. मी पहिला झालो.

दुसऱ्या दिवशी काका शाळेत. "मास्तर, मन्हा पोऱ्या शेवटला? आनि धाकलाना पोऱ्या पहिला?"

मास्तर भला माणूस, पण शहाण्यासारखा कागदावर विश्वास ठेवणारा. त्यांनी सगळ्या पालकांना पत्र लिहिलं. वाचता येणारे थोडे, म्हणून तलाठ्यानं ते चावडीवर मोठ्यानं वाचलं:

"वर्षारंभी मुलांची नावे मागील वार्षिक परीक्षेच्या गुणांप्रमाणे लिहिली जातात. नव्याने येणाऱ्याचे नाव शेवटी. आजारपण वा अडचण शाळेत कळवल्यास नाव जागेवर राहते. न कळवता महिनाभर गैरहजर राहिल्यास नाव कमी होते व पुन्हा दाखल केल्यास शेवटी येते. परीक्षा महिन्यावर आली असता पुन्हा दाखल करता येत नाही. पुढील परीक्षेनंतर क्रम पुन्हा नव्याने लागतो. कृपया ध्यानात घ्यावे की हा क्रम म्हणजे मान नव्हे."

शेवटच्या ओळीनं घात केला. मास्तरांनी ती समजूत काढायला लिहिली होती. काका उठून उभा राहिला.

"पहिला ऱ्हानं म्हणजे मान नही? मंग पोयाले मन्हा बैल पुढे कसाले जास?"

माझा बाप खाली बसून तंबाखू मळत होता. त्याला जीभ आवरली नाही. "दादा, औंदा मांगे चालाडी दख. कागदच सांगी ऱ्हायना!"

लोक हसले. काकानं तलाठ्याच्या मागची काठी उचलली आणि बापाच्या कपाळावर घातली. रक्त डोळ्यांत उतरलं. बाप आंधळ्यासारखा उठला, काकाच्या गळ्याला भिडला. काकाचे दोन गडी धावले. मी बापाच्या कमरेला मिठी मारायला गेलो, तेव्हा कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. वाळली तुरकाठी मोडावी तसा.

वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या. बाप तापानं फणफणला होता. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि काकानं आमच्या दारात येऊन शाळेच्या वाटेबद्दल बजावलं होतं, "शायना रस्तावर कोनी दिसनं तं पाय मोडसू." महिनाभर निरोप गेला नाही की नाव कमी होणार, आणि मग परीक्षा नाही. हे आईला चावडीवर ऐकून पक्कं माहीत होतं. एक अक्षर न येणाऱ्या आईला ते पत्र सगळ्या गावापेक्षा नीट कळलं होतं.

तिनं विळा पदरात घेतला आणि भर दुपारी काकाच्या दारावरून निघाली. त्याचा एक गडी आडवा आला. आईनं विळा त्याच्या दंडावर ओढला. तो बोंबलत बसला, ती पुढे गेली. शाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, मन्हा पोऱ्याना हात मोडेल शे. त्यानं नाव काढानं नही." मास्तरांनी हजेरीवर आजारी लिहिलं. तिनं विचारलं, "लिखं का? दखाडा." वाचता येत नसतानाही तिनं ती ओळ बोटानं चाचपली. पुढे ती आठवड्याच्या आठवड्याला जात राहिली. काका दारात उभा राहून शिव्या द्यायचा, पण आडवं कुणी आलं नाही.

परीक्षा घ्यायला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब आले. हात कामट्यांतून सुटला होता, पण बोटं वळत नव्हती. गणितं अर्धीच उतरली. तोंडी परीक्षेत मी सगळ्यांना मागं टाकलं. निकाल लागला. मी तिसरा. काकाचा मुलगा सातवा. पहिला आला तेल्याचा मुलगा, ज्याच्या घराला पोळ्यात मानच नव्हता.

मी घरी येऊन सांगितलं, "तिसरा." आईनं फाडकन थोबाडीत मारली. मग मला जवळ ओढलं आणि माझं वाकडं मनगट दोन्ही हातांनी दाबत राहिली, इतकं की मी ओरडलो. "वरडू नको," ती म्हणाली, "पास व्हयना ना? सकाय पाचवीले नाव लिखाले जानं शे."

बाप खाटेवर तंबाखू मळत बसला होता. कपाळावरची खोक अजून पुरती भरली नव्हती.