एक झाकण, अर्धी बादली

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी बाई शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात कात्रीने कागद कापत होत्या. दिवसा या वर्गात दुसरीची मुलं बसतात. संध्याकाळी त्याच बाकांवर मोठी माणसं बसतात आणि गुडघे कुठे ठेवावेत हा प्रश्न प्रत्येकाला रोज नव्याने पडतो. बाई दिवसाही इथेच शिकवतात. संध्याकाळच्या वर्गाचं मानधन रिक्षाभाड्याला पुरतं. "दुसरीच्या पोरांनी डोकं खाल्लं ते कमी होतं म्हणून आता त्यांचे आईबाप गोळा केलेस," असं नवरा म्हणतो, आणि जाताना कात्रीला धार लावून देतो.

वर्गात बारा माणसं. बहुतेक शेजारच्या इस्पितळात सफाईला, धुलाईला, लिफ्टवर; एक नाक्यावरचा शिंपी. काहींना अक्षरंच नीट ओळखू येत नाहीत, काही शब्द लावून लावून वाचतात, दोघं-तिघं परिच्छेद वाचतात पण लिहिताना अडतात. एकच धडा या तिन्ही प्रकारच्या माणसांना द्यायचा तर तो तीन तऱ्हांनी लिहावा लागतो. बाई कागदाच्या कोपऱ्यात एक, दोन किंवा तीन ठिपके काढत, म्हणजे कुणाला कमीपणा वाटू नये. दुसऱ्याच दिवशी लिफ्टवाल्याने विचारलं होतं, "बाई, माझा एक ठिपका म्हणजे तळमजला ना?"

या आठवड्याचा धडा बाटल्यांवरच्या लेबलांचा होता, आणि त्याला कारण होतं. इस्पितळात नवा ठेकेदार आला होता. शनिवारी सफाईवर असलेल्या प्रत्येकाच्या हातात बाटली देऊन लेबल वाचायला लावणार होते. वाचता येईल तो वॉर्डात राहील. येणार नाही तो घरी. सफाईची औषधं नवी होती, जुन्यापेक्षा तीव्र, आणि जुन्या मापाने घातली तर हाताची सालं निघत. दोघींची निघालीही होती.

बाईंनी नव्वद मिनिटांची आखणी केली होती. आधी रिकाम्या बाटल्या मधोमध ठेवून गप्पा, कारण मोठ्या माणसांना जे ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करायची असते. मग फळ्यावर मोजके शब्द. मग जोड्या. जोडीतल्या एकाकडे लेबलाचा कागद, दुसऱ्याकडे रिकामा तक्ता. तक्तेवाल्याने विचारायचं, लेबलवाल्याने वाचून सांगायचं, तक्तेवाल्याने लिहायचं, आणि मग दोघांनी अदलाबदल करायची. ज्याला कमी येतं त्याच्याकडे आधी माहिती, ज्याला जास्त येतं त्याच्याकडे पेन. म्हणजे हुशार माणूस एकटाच पुढे पळत नाही, त्याला दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं. कागद मात्र एकमेकांना दिसता कामा नयेत. आजवर जोड्या शेजारी-शेजारी बसत आणि माना आपोआप दुसऱ्याच्या कागदावर जात. म्हणून आज बाईंनी आखणीत एक ओळ वाढवली: पाठीला पाठ लावून बसणे.

त्या एका ओळीने पुढचं सगळं झालं.

वर्गात दोन जावा होत्या. थोरली इस्पितळात दहा वर्षं सफाईला. धाकटीला लग्नानंतर तिनेच हाताला धरून कामाला लावलेलं. या वर्गाला यायची घरातून परवानगी मिळाली होती ती एका अटीवर, की जायचं तर दोघींनी, नाहीतर कुणीच नाही. दोघी एका बाकावर बसत. थोरली दणदणीत आवाजात उत्तर देई, धाकटी खाली मान घालून लिही. सुरुवातीच्या चाचणीत बाईंनी थोरलीला दोन ठिपके दिले होते. तिने फिनेलच्या बाटलीचं लेबल घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

"पाठी फिरवा," बाई म्हणाल्या.

"भांडण झाल्यासारखं वाटतंय," लिफ्टवाला म्हणाला. "घरी असाच झोपतो मी."

लोक हसले. जोड्या सुरू झाल्या. बाई फिरत होत्या, मध्ये बोलत नव्हत्या. जोडीकाम चालू असताना शिक्षकाने ऐकायचं असतं, चुका नंतर काढायच्या असतात. थोरलीच्या हातात लेबल होतं. धाकटीने विचारलं, "फरशीचं औषध किती घ्यायचं?"

"एक झाकण," थोरली म्हणाली. "अर्धी बादली पाणी."

बाई थांबल्या. कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: अर्धं झाकण, भरून बादली. धाकटीने मुकाट्याने लिहिलं. एक झाकण. अर्धी बादली. पुढचं उत्तरही जुनंच आलं. थोरली कागदाकडे बघत होती, बोट ओळीखालून सरकवत होती आणि दहा वर्षांचं काम तोंडपाठ म्हणत होती. आजवर बाईंनी तिला विचारलेल्या बहुतेक गोष्टी तिला वाचल्याशिवाय येत होत्या. ज्या येत नव्हत्या त्या शेजारून धाकटी पुरवत होती.

इथे बाईंनी मूग गिळून पुढच्या जोडीकडे जायला हवं होतं. स्वतःच्याच आखणीत त्यांनी तसं लिहिलं होतं. पण शनिवार जवळ होता.

"कागदावर काय आहे ते वाचा," त्या म्हणाल्या. "पहिला शब्द."

वर्ग ऐकू लागला. थोरलीने कागद लांब धरला, जवळ आणला.

"चष्मा घरी राहिला."

तिला चष्मा नव्हताच. धाकटी मान न वळवता पटकन म्हणाली, "बाई, मीच चुकीचं लिहिलं. जाऊबाईंनी बरोबर सांगितलं होतं."

"तू गप," थोरली म्हणाली. तिने कागदाची घडी घालून बाकावर ठेवली आणि वर्ग संपेपर्यंत तो उलगडला नाही.

त्या रात्री बाईंनी बुधवारची आखणी नव्याने केली. पहिली वीस मिनिटं सारख्याला सारखा, म्हणजे अक्षरवाल्याबरोबर अक्षरवाला आणि शब्दवाल्याबरोबर शब्दवाला, कारण दोघंही अडखळणारे असले की लपायला जागा उरत नाही आणि लाजही निम्मी होते. नंतर मिश्र जोड्या. थोरलीच्या पुढे त्यांनी लिफ्टवाला लिहिला. धाकटीसमोर शिंपी. आखणी चोख होती. एक दिवस उशिरा केलेली होती, इतकंच.

बुधवारी थोरली आली नाही. धाकटी आली आणि दारातच उभी राहिली.

"निरोप द्यायला आले. आता नाही येणार आम्ही."

"शनिवारपर्यंत तरी ये. त्यांना घेऊन ये. नव्या बाटलीवर सहा शब्द आहेत, तेवढे होतील."

"त्या नाही यायच्या. कालपासून जेवताना तोंड भिंतीकडे आहे."

"मग तू ये. तुला वाचता येतं. तुझी नोकरी राहील."

धाकटीने बाईंकडे असं पाहिलं, जसं दुसरीतल्या मुलाकडे बाई बघत असतील.

"मी पास आणि त्या नापास, हे घेऊन मी घरी जाऊ? मला त्या घरात राहायचंय, बाई."

"दोघींची गेली तर?"

"तर घर बसून विचार करेल. एकीची गेली तर घर बसून बोलेल."

बाईंनी तिला आत बोलावलं, बाकावर बसवलं, बरंच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. जाताना फळ्यावरचे शब्द ओठ हलवत वाचत गेली. सगळे. बाई बघत होत्या.

शनिवारी बाई शाळेत होत्या. काय झालं ते त्यांना सोमवारी संध्याकाळी कळलं, आणि सांगायला थोरलीच आली. एकटी. साडेसहाचा वर्ग, ती सहालाच आली. बाई कागद कापत होत्या.

"माझा नंबर आधी होता," ती उभ्यानेच म्हणाली. "मी मोठी ना. ठेकेदाराच्या मुकादमाने बाटली दिली, मी जुनंच म्हटलं. एक झाकण, अर्धी बादली. तो म्हणाला, जा. मी दाराशी थांबले. मग ही गेली."

बाईंनी कात्री खाली ठेवली.

"हिने बाटली हातात घेतली. बघितली. आणि म्हणाली, एक झाकण, अर्धी बादली. माझ्यासारखंच म्हणाली, आवाजसुद्धा तसाच काढला. मुकादम हसला. म्हणाला, एकाच माळेचे मणी." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "ही बसच्या पाट्या वाचते, बाई. पोराची पुस्तकं वाचते. मला काय दिसत नाही?"

"तुम्ही मुकादमाला सांगितलं?"

"आज सकाळी गेले. म्हटलं, तिला येतं, पुन्हा घ्या. तो म्हणाला, तुझं तुला येत नाही आणि तिची वकिली करतेस?"

बाईंनी त्या दुपारीच मुकादमाला फोन केला असता, पण दुपारी त्यांना काही ठाऊक नव्हतं. आता केला. मुकादम सभ्यपणे बोलला. जागा भरल्या होत्या. पुढची चाचणी तीन महिन्यांनी, आणि त्यातही आधी बाहेरचे.

"धाकटी कुठे आहे?"

"खानावळीत भांड्यांना लागली. आजपासून. संध्याकाळी सहाला जायचं, अकराला सुटका." थोरली प्रथमच बसली, गुडघे बाकाबाहेर काढून. "मला नाही घेतलं तिथे. म्हणाले, वय झालं. म्हणून मी मोकळी, आणि दोघींनी मिळून जायची अट आता मोडलीच. घरात बसून भिंत बघण्यापेक्षा म्हटलं, यावं. पहिल्यापासून शिकवा. ठिपका एकच द्या."

लोक यायला लागले. बाईंनी पहिल्या वीस मिनिटांच्या जोड्या वाचल्या. थोरली आणि लिफ्टवाला.

"याच्याबरोबर?" थोरली म्हणाली.

"या मावशी, तळमजल्यावर स्वागत आहे," लिफ्टवाला म्हणाला. "वर जायची घाई करू नका, माझं बटण बिघडलंय."

थोरली हसली नाही. पण पाठ फिरवून बसली. लिफ्टवाल्याने विचारलं, फरशीचं औषध किती? थोरलीचं बोट पहिल्याच अक्षराखाली अडून राहिलं. बाई दोन बाकांपलीकडे उभ्या राहिल्या आणि या वेळी तोंड मिटून राहिल्या.

"अ," थोरली म्हणाली. मग बोट पुढे सरकलं आणि परत मागे आलं. "पुढचं ठाऊक आहे मला. पण वाचता येत नाहीये."

"मग ठाऊक आहे ते नका सांगू," लिफ्टवाला पाठमोराच म्हणाला. "मला पण येत नाही. बसू."

वीस मिनिटांत तिचा एक शब्द झाला. अदलाबदल करायला वेळ उरला नाही.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मंगळवारची आखणी केली. बारांचे आता अकरा झाले होते. स्वतः जोडीला बसायचं तर बाकीच्यांमध्ये फिरणार कोण, म्हणून शिंप्याची जोडी तिघांची केली. थोरलीच्या कागदावर सहाऐवजी दोनच शब्द ठेवले, आणि दोन्ही असे निवडले की जे फरशी पुसताना कधी लागत नाहीत. मग कोपऱ्यात एक ठिपका काढला.

उद्या वर्ग साडेसहाला आहे. धाकटीची खानावळ सहाला.