किल्ली हरवलेली कुलपं आणि ताईचं ‘प्रवास, खाणं, सिनेमे’

हॉस्पिटलात तिला सगळे तोफ म्हणत. ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात अवजारं देणारी ती सिस्टर. कोणी हात न धुता ट्रेकडे वळला, की मग तो खुद्द मुख्य सर्जन का असेना, मास्कच्या आडूनसुद्धा ती त्याला अशी झाडायची की माणूस गुपचूप बेसिनकडे परत जायचा. नाकावर राग हे तिच्या बाबतीत नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. खरंच शेंडा लाल व्हायचा.

पण घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, की याच बाईचा हात पिसासारखा हलका व्हायचा. भंगारवाल्याकडून किल्ली हरवलेली कुलपं आणायची आणि ती न फोडता उघडायची, हा तिचा लहानपणापासूनचा नाद. गाडीच्या वायपरमधली पोलादी पट्टी वाकवून ती कुलपात अडकवायची आणि एका हाताने अगदी हलका ताण द्यायची. दुसऱ्या हातात करवतीच्या पात्याची घासून बारीक केलेली सळई. त्या सळईने आतले खिळे एकेक करून वर ढकलायचे. खिळा जागेवर बसला की बोटाला टक्‌ असं कळतं. ताण जास्त झाला तर काही म्हणता काही हलत नाही आणि कमी झाला तर बसलेले खिळेही खाली येतात. म्हणजे चिडायची सोयच नाही. म्हणूनच तिला ते आवडत असावं.

आता हे लग्नाच्या बाजारात कसं सांगायचं? पहिल्या वेळी बाबांनी सांगितलंच नव्हतं. मुलीच्या माहितीच्या कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आवड : वाचन, संगीत, प्रवास.’ बसमध्ये बसली की तिला उलट्या होतात, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवऱ्याने तो कागद खरा धरला आणि लग्नानंतर कुलपांची पेटी बघून त्याचं डोकं फिरलं. एक दिवस ती ड्यूटीवर असताना त्याने अख्खी पेटी भंगारात घातली. “हा काय चोरांचा धंदा,” म्हणाला. तिने ते लग्न आणखी काही वर्षं ओढलं आणि मग सोडलं. आज ती त्रेचाळीस वर्षांची आहे, एकटी राहते आणि एकटं राहायचा तिला कंटाळा आलाय. हे तिने एकदाच तोंडाने कबूल केलं, तेही ताईपाशी. तिथेच सगळं बिघडलं.

ताई म्हणजे थोरली बहीण. मायाळू, आणि दुसऱ्याच्या ताटातलं आपणच कालवून देणारी. तिने दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या नंबरावरून लग्न जुळवणाऱ्या ॲपवर खातं उघडलं, धाकटीचा बरा फोटो लावला आणि खाली लिहिलं, ‘प्रवास, खाणं, सिनेमे. आयुष्य भरभरून जगायला आवडतं.’ खातं दोघींच्या फोनवर चालू.

त्या ओळीच्या जोरावर एकेक करून तिघे भेटले. तिघांनीही कॉफी यायच्या आत विचारलं, “मग अलीकडे कुठे फिरून आलात?” तोफ म्हणाली, “हॉस्पिटल ते घर.” पुढे बोलायला काही उरलंच नाही. उरणार कसं? प्रवास, खाणं आणि सिनेमे आवडत नाहीत असा माणूस या पृथ्वीवर एक तरी दाखवा! जी ओळ कुणाच्याही फोटोखाली चालते, ती वाचून समोरचा विचारणार तरी काय?

मग एका दुपारी ॲपवर तिला एक माणूस दिसला. केस पिकलेले, फोटोही धड नाही. खाली एवढंच लिहिलेलं, ‘वेताच्या खुर्च्या विणतो, स्वतःसाठी. सध्या शेजाऱ्यांची एक आहे, मधोमध भोक पडलेली. तुमच्या घरी बसायची आवडती जागा कोणती?’ तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या खुर्चीचं पुढे काय झालं, हे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि हे विचारायला मुद्दाम विषय काढायची गरजच नव्हती, तो त्याने हातात आणून ठेवला होता.

तिने ताईची ओळ पुसली आणि लिहिलं, ‘किल्ली हरवलेली कुलपं न फोडता उघडते. सध्या टेबलावर एक पितळी आहे, ते हट्टाला पेटलंय. मीही. तुमच्याकडे असं एखादं पडलंय का?’ मग त्या खुर्चीवाल्याला पसंती कळवली आणि दोन दिवसांच्या जादा ड्यूटीवर गेली.

परतली तेव्हा ताई डबा घेऊन घरात हजर. तोफेने चपला काढता काढताच फोन उघडला. तिच्या फोटोखाली पुन्हा प्रवास, खाणं, सिनेमे.

खाली निरोप होते. खुर्चीवाल्याने विचारलं होतं, “उघडलं का ते पितळी? माझ्याकडे आजोबांच्या सायकलचं एक आहे, गंजलेलं. चालेल?” त्याखाली तिच्याच नावाने उत्तर गेलेलं, “अहो, ते गमतीत लिहिलं होतं! मला प्रवास फार आवडतो. तुम्हाला?” आणि त्याचं शेवटचं, “अच्छा. मला खरं वाटलं होतं. शुभेच्छा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लिहिलं, “ती मी नव्हते. कुलूप खरं आहे.” निरोप गेलाच नाही. ही व्यक्ती आता उपलब्ध नाही, असं पडद्यावर आलं.

“ताई, हे तू लिहिलंस?”

“अगं, कुलपं उघडते काय! लोक चोर समजतील. मी सांभाळून घेतलं.”

“सांभाळलंस? बाबांनी हेच केलं, त्या माणसाने पेटी विकली आणि आता तू! तुम्हाला सगळ्यांना माझं लग्न हवंय, फक्त त्यात मी नकोय!”

“ओरडू नकोस. तू म्हातारपणी एकटी पडशील या विचाराने माझ्या जिवाला घोर लागलाय गं.”

“मग पडू दे! खोटी ओळ वाचून येणारा माणूस त्या ओळीशी लग्न करतो. त्याच्या घरात मला राहावं लागतं! एक माणूस, ताई. एका माणसाने विचारलं होतं. इतक्या वर्षांत एकाने तरी!”

ताई डब्याचं झाकण नुसतंच उघडत-लावत राहिली. तोफेने ताईच्या पर्समधून तिचा फोन काढला, तिच्या डोळ्यांसमोर त्यावरचं ते खातं बंद केलं आणि स्वतःच्या नंबरावरून नवं उघडून आपली कुलपांची ओळ अक्षर न अक्षर पुन्हा लिहिली. मग टेबलाशी बसली, पट्टी अडकवली. रागाने ताण जास्त पडत होता आणि एकही खिळा हलत नव्हता.

बऱ्याच वेळाने ताई उठून जवळ आली. फोनवरची ती ओळ तिने पहिल्यांदाच नीट, ओठ हलवत वाचली. मग टेबलावरच्या पितळी कुलपाकडे पाहिलं.

“हेच का ते?” तिने हळूच विचारलं. “अजून नाही का गं उघडलं?”

तोफेने मान वर केली नाही. एकाच घरात दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि हा प्रश्न ताईने आज विचारला होता.

“नाही,” ती म्हणाली. राग तसूभरही गेला नव्हता. “खुर्ची घे. आणि दिव्याच्या आड येऊ नकोस.”