तिसरा नियम

आमच्या रिसॉर्टला लिफ्ट नाही. जांभ्या दगडाच्या सहा खोल्या, सगळ्या जमिनीवर, मागे आंब्याची बाग. तरी माझ्या दिराने टाईप करून आणलेल्या नियमांत लिहिलं होतं, 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये नेऊ नये.' खाली पोहण्याच्या तलावाचे चार नियम. तलावही नाही. कुठल्यातरी बड्या हॉटेलच्या पानावरून उचललेलं होतं सगळं. नक्कल करायलाही अक्कल लागते, असं मी हसून म्हणाले. मग शेवटची ओळ वाचली आणि हसू संपलं.

'आवारात मुलांचा आरडाओरडा चालणार नाही. मालकांच्या मुलांनाही हा नियम लागू राहील.'

मालकांचं मूल एकच, माझी नऊ वर्षांची लेक. ती बोलत नाही. आनंद झाला की घशातून लांब हुंकार काढते आणि तो पार गणपतीपुळ्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातो. कुत्रा दिसला की तिला सर्वांत जास्त आनंद होतो. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्यांचा कुत्रा बघून ती हुंकारली, कुत्रा भुंकत सुटला, आणि भरदुपारी झोपमोड झालेल्या त्या गृहस्थांनी इंटरनेटवर लिहिलं, 'जागा सुंदर, पण मालकांच्या मुलीला आवरा.'

"वहिनी, दिवाळीपुरती तिला माहेरी ठेवा," दीर म्हणाला. "मग मे महिन्यात. सीझनच तेवढा."

सीझन म्हणजे घरात माणसं असतात तेव्हा. माणसं आली की माझ्या मुलीने घर सोडायचं! नवरा बोटीवर, त्याचा फोन आठवड्याने येतो. सासूबाई मागच्या पडवीत बांगडे साफ करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मला भयंकर राग आला. मी त्याच्यापुढचा कागद ओढला आणि म्हटलं, "भाऊजी, नियम मी लिहिते."

दोन दिवस लिहीत होते. तलाव खोडला आणि विहीर लिहिली, कारण बुडायची भीती असेल तर तिथेच. 'अंगणात डाव्या हाताला विहीर आहे. कठडा आहे, वर जाळी आहे, तरी दहा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं मोठं माणूस कायम हवं. आमची माणसं मुलं सांभाळत नाहीत.' विहिरीचं नाव घेतलं तर लोक घाबरतील, असं दिराचं म्हणणं. घाबरू देत, म्हटलं.

गाद्यांचंही तसंच. आधी न सांगता रात्री तिसरी गादी मागायची आणि सकाळी तिच्यावर कुत्रा झोपलेला! म्हणून लिहिलं, 'एका खोलीत एकच जादा गादी बसते, ती बुकिंग करतानाच सांगा. पाळणा आमच्याकडे नाही. कुत्र्याचं अंथरूण घरून आणा, पलंगावर आणि गादीवर तो नको. त्याला खोलीत एकटा कोंडून फिरायला जाऊ नका, आवारात साखळी हवी, लसीचं कार्ड दाखवा. आमचाही एक कुत्रा आहे.'

मग तिसरा नियम. तो मी एका दमात लिहिला.

'रात्री दहा ते सकाळी सात शांतता. मुलांनी, मोठ्यांनी आणि स्पीकरनेही. दिवसा मुलं खेळतील, आवाज होईल. या घरात एक मुलगी आहे, ती आनंदाने मोठ्याने हुंकारते. ती इथे राहते. चालणार नसेल तर बुकिंग करू नका.'

दिराने वाचलं. "कोणी येणार नाही."

पडवीतून सासूबाईंचा आवाज आला, "नाय येत तर नाय येत. माज्या नातीला घराभायर काढून मला पावनं नको हायत!"

नियम दिरानेच टाईप केले, आणि आता बुकिंगचे फोनही तुम्हीच घ्या, असं मी त्याला बजावलं.

दिवाळीच्या आधी दोघांनी नियम वाचून बेत रद्द केला. दिराने मला ते मुद्दाम येऊन सांगितलं. मी दिवे पुसत होते, पुसत राहिले. मग मे महिन्यातल्या त्याच गृहस्थांचा फोन आला. समुद्राकडची खोली हवी होती, चार दिवस. मी दारात उभी होते. दीर वहीत ती खोली लिहिता लिहिता थांबला.

"नाही हो," तो म्हणाला. "तिला कुठे पाठवणार वगैरे नाही. ती इथेच असते. तिसरा नियम वाचलात ना?"

पलीकडून फोन ठेवला गेला. माझ्याकडे न बघता तो वहीत ती खोली खोडत बसला.

दिवाळीत ती खोली चारही दिवस रिकामी राहिली. पहिल्याच दुपारी आमचा कुत्रा आत शिरला, त्याच्यामागे माझी लेक, आणि ती असा काही हुंकार काढत सुटली की बागेतले कावळे उडाले. दीर व्हरांड्यात होता. मला वाटलं, आता उठून दार लावील. तो उठला, जादा गादी खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि तिच्यासाठी खाली अंथरून आला.

दार त्याने उघडंच ठेवलं.